धुळ्याचे तीन, जळगावचे पाच

आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या चटया होतात. मोठा कारखाना जळगावला एमआयडीसीत, आणि धाकटा धुळ्याला. मी दोन्हीकडची एचआर. म्हणजे हजेरी, रजा, भांडणं, निरोप समारंभाची शाल आणि वर्षाअखेरीचं मूल्यमापन, हे सगळं माझ्या टेबलावर. शालीचं काम सगळ्यात सोपं. ती सगळ्यांना सारखीच द्यायची असते.

मूल्यमापनाचं तसं नसतं. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या माणसांना एक ते पाचमध्ये गुण द्यायचे. एक म्हणजे काम जमत नाही, तीन म्हणजे अपेक्षेप्रमाणे, पाच म्हणजे अपवादात्मक. कागदावर हे इतकं स्वच्छ दिसतं की दर डिसेंबरात ते फॉर्म वाटताना मला स्वतःबद्दल आदर वाटायचा.

माझ्याकडे तीन विभागप्रमुख. विणकामाचे भाऊ, पाठवणीचे आबा आणि धुळ्याचे नाना. तिघेही पन्नाशी ओलांडलेले, तिघेही कामाला वाघ, आणि तिघांच्या हातात तोच फॉर्म.

भाऊ मूळचे यावलकडचे. फॉर्म भरायची वेळ आणि भरिताची वेळ एकच, हे आमच्या कंपनीचं दुर्दैव. डिसेंबर उजाडला की भाऊंचा अख्खा विभाग कुणाच्या तरी मळ्यात जमतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कुणाच्या आईने पुऱ्या लाटलेल्या असतात, आणि भाऊ मधोमध मांडी घालून बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी तेच भाऊ कार्यालयात येऊन फॉर्म भरतात. बावीस माणसं. अठरा जणांना पाच. उरलेल्या चौघांना चार, आणि तेही ते चौघे भरिताला आले नव्हते म्हणून, असा माझा संशय आहे. मी एकदा विचारलंच, "भाऊ, या एकाने महिन्यात चार वेळा माग चुकीचा लावला, त्याला पाच?" भाऊ म्हणाले, "ताई, त्याच्या आईच्या हातचं खाल्लं आहे मी कालच. आज त्याला तीन देऊ? तोंड कुठं दाखवू?" मी तो फॉर्म गठ्ठ्यात लावला. भरीत मीही खाल्लं होतं.

आबांचा प्रकार वेगळा. पाठवणी विभागात चौदा माणसं. आबा पहिल्या फॉर्मवर तीन लिहायचे आणि तिथून थेट शेवटच्या फॉर्मपर्यंत तीन. दहा मिनिटांत काम फत्ते. चार दिला तर बाकीचे विचारणार त्याला का, दोन दिला तर तो विचारणार मला का. तीन दिला की कुणीच काही विचारत नाही. आबांचा हा शोध मला पहिल्या वर्षी फार समजूतदार वाटला होता. त्यांची फाईल सगळ्यात आधी यायची आणि तिच्यात एकही खाडाखोड नसायची.

नानांकडे नऊ माणसं. धुळ्याचा कारखाना लहान, पण निम्म्या महाराष्ट्रात जाणारा माल तिथून तपासून निघतो. नाना कुणालाही तीनच्या वर चढू देत नाहीत. त्यांचं तत्त्वज्ञान मी फोनवर अनेकदा ऐकलं आहे. "पाच द्यायचे म्हणजे त्या माणसाला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही असं झालं. मग मी इथे काय माशा मारतो?" चार कुणाला, असं विचारलं तर म्हणायचे, "चारचा विचार मी निवृत्त होताना करेन." त्यांच्या नऊ माणसांत सहा जणांना दोन, दोघांना एक, आणि एकीला तीन.

ही तीनवाली म्हणजे अक्का. धुळ्यात तिला सगळे अक्काच म्हणतात, वय चाळिशीच्या आत असलं तरी. तपासणीच्या टेबलावर ती सहा वर्षं उभी होती, आणि सहाही वर्षं वर्षाच्या करारावर. दर मार्चला करार संपायचा, दर एप्रिलला नवा व्हायचा, आणि मधले दोन-तीन दिवस ती घरी बसून फोनची वाट पाहायची. हे मला तिने एकदा सांगितलं होतं, तक्रार म्हणून नाही, रजेचा अर्ज नेमका कधी द्यावा हे विचारताना.

आणि नेमक्या त्या वर्षी वरून आदेश आला. तपासणी विभागात धुळ्याला एक कायम जागा निघाली आहे, ती दोन्ही कारखान्यांतल्या करारावरच्या माणसांमधून भरा, आणि निकष म्हणजे वर्षाचे गुण. ज्याचे गुण जास्त तो कायम.

आता गंमत बघा. नुसते गुण पाहिले तर भाऊंचे अठरा जण रांगेत पहिले, आणि अक्का भाऊंच्या सगळ्यात वाईट माणसाच्याही खाली. मोठे साहेब म्हणाले, "मग कोटा ठरवून टाका. दर विभागात इतके पाच, इतके चार, इतके एक. प्रत्येकाने बसवून द्यायचे." मी म्हटलं, साहेब, नऊ माणसांत कोटा बसवायचा तर अर्धा माणूस कापावा लागेल. आणि खरोखर चांगल्या विभागात कुणाला तरी उगाच नापास करावं लागेल. साहेबांना ते पटलं. मला मात्र स्वतःच्या हुशारीची नशा चढली.

मी एक प्रशिक्षण केलं होतं. त्यात शिकवलं होतं की मूल्यमापन करणाऱ्यांत कुणी सढळ असतो, कुणी कडक असतो, कुणी मध्याला चिकटतो, आणि गणिताने ते सरळ करता येतं. माणसाच्या गुणातून त्याच्या विभागप्रमुखाची सरासरी वजा करायची, आणि त्या विभागातले गुण जितके पसरलेले असतील त्या पसाऱ्याने भागायचं. की झाले सगळे एका मापात. संगणकावर हे दहा मिनिटांचं काम. मला वाटलं, अक्काला न्याय मिळवून देते आहे मी. खरंच वाटलं. त्या दुपारी मी स्वतःसाठी खास दुधाचा चहा मागवला होता.

निकाल आला. भाऊंचे पाचवाले सगळे अर्ध्याच्या आसपास. अक्का जवळजवळ दोन. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, साडेतीनच्याही वर, आबांच्या पाठवणी विभागातला करारावरचा एक गृहस्थ.

मी आबांची फाईल उघडली. तेरा जणांना तीन, आणि त्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, एकाला चार. तेरा माणसं एकाच रेषेवर उभी केली की एक पाऊल पुढे टाकणारा मैलभर पुढे गेलेला दिसतो. पसारा जवळजवळ शून्य, आणि मी त्या शून्याने भागत होते. शिवाय विभागांच्या सरासऱ्या एका पातळीवर आणताना मी मनाशी धरून चालले होते की तिन्ही विभाग सारखेच चांगले आहेत. असं कुणी सांगितलं होतं मला? कुणीही नाही.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मी साडेतीन हा आकडा बघितला, खाली सही केली आणि यादी वर पाठवली. पाठवणीचा गृहस्थ कायम झाला आणि धुळ्याला रुजू झाला. चटईचा काठ आणि चटईची घडी यांत फरक काय, हे त्याला तिथे गेल्यावर समजलं.

महिन्याभराने मी आबांना सहज विचारलं, "तुम्ही कधी नाही ते त्याला चार दिलेत. फार चांगला होता का?" आबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, रोज ड्रायव्हरांशी भांडायचा. मी म्हटलं, चांगला शेरा दिला की माणूस वर जातो, आणि वर गेला की आपल्या इथून जातो. तुम्ही काम फारच लवकर केलंत, आभार." मी हसले. हसल्यावाचून काय करणार? घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण चिडले.

धुळ्याहून नानांचा फोन आला तो जूनमध्ये. नाना ओरडत नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटते. "ताई, तुमच्या गणिताने पाठवलेला माणूस अक्काजवळ उभा शे. त्याला तपासणी कोण शिकवतंय, माहीत आहे? अक्का शिकवते." मी म्हटलं, "नाना, तुम्ही तिला चार दिले असते तर..." ते म्हणाले, "तुम्ही मला विचारलं असतं तर." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

विचारलं नव्हतं हे खरं. तीन माणसांच्या तीन सवयी मी वर्षानुवर्षं फाईलमध्ये लावत होते, आणि त्यांना एका खोलीत कधीही बसवलं नव्हतं. त्यात गणिताचा दोष नव्हता. कुणाची सरासरी वर आहे, कुणाची खाली, कुणाचे गुण एकाच आकड्यावर साचलेत, हे गणित बरोबर दाखवतं. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो. मी थर्मामीटरच औषध म्हणून पाजला होता.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, भरिताच्या आधी, मी तिघांना जळगावला बोलावलं. नाना पाचोऱ्याला लग्न उरकून तसेच आले. पुढच्या वर्षासाठी तपासणीची दुसरी कायम जागा मंजूर झाली होती, त्यामुळे या वेळी चुकायची सोय नव्हती.

पहिल्यांदा मी त्यांना एक कल्पित माणूस दिला. एका पानावर त्याचं वर्षभराचं काम लिहून. वेळेवर येतो, नेमून दिलेलं बिनचूक करतो, दोनदा माल सदोष असल्याचं स्वतःहून सांगितलं, पण नवीन माग शिकायला टाळाटाळ केली. तिघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यायचे. चिठ्ठ्या उघडल्या. भाऊ पाच, आबा तीन, नाना दोन. भाऊ नानांना म्हणाले, "अरे, त्या गरिबाने तुझं काय घोडं मारलंय?" नाना म्हणाले, "बठ्ठा सारखा नही शेतस, भाऊ. तुमना तं बठ्ठाच देव शेतस." बठ्ठा म्हणजे सगळे. आबा म्हणाले, "म्हणून मी तीन देतो." आणि तिघे हसले. त्या हसण्यात मला पहिल्यांदा आशा दिसली.

मग आम्ही दोन दिवस प्रत्येक आकड्यासमोर वाक्यं लिहून भिंतीवर लावली. 'उत्तम' किंवा 'चांगला' असले शब्द नाहीत, दिसतील अशी कामं. तीन म्हणजे सांगितलेलं काम सांगितलेल्या वेळेत, पुन्हा करावं न लागता. चार म्हणजे त्याशिवाय चूक पुढे जाण्याआधी स्वतः अडवतो, आणि दुसऱ्याला काम शिकवतो. चारच्या वाक्यावर नाना आणि भाऊ तासभर भांडले. हा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात उपयोगी तास असेल.

नियम दोन ठरले. प्रत्येक गुणामागे वर्षातले किमान दोन प्रसंग लिहायचे, आणि ते प्रसंग डिसेंबरात आठवायचे नाहीत, घडतील तेव्हा टिपायचे; या पहिल्या वर्षापुरती आठवणीला सूट. आणि मी कुणाचाही आकडा बदलायचा नाही. मी फक्त सगळ्यांच्या सरासऱ्या आणि पसारा पडद्यावर दाखवायचा, दुसरे दोघे प्रश्न विचारणार, आणि बदल करायचाच तर ज्याचा माणूस आहे त्यानेच करायचा. कोटा नाही. एखाद्या विभागात सगळेच चार निघाले तर निघू देत, पण प्रसंग दाखवा.

डिसेंबरअखेर बैठक झाली. भाऊ बावीस फॉर्म घेऊन आले. त्यात चौदा पाच होते. पहिल्या माणसाच्या प्रसंगांत त्यांनी लिहिलं होतं, 'स्वभाव फार चांगला.' नानांनी विचारलं, "हा प्रसंग कोणत्या तारखेला घडला?" भाऊंनी मान खाली घालून तीन केला. पुढच्या माणसाच्या वेळी त्यांनी स्वतःच आधी खोडलं. संध्याकाळपर्यंत पाच गुणवाले दोनच उरले, आणि ते दोघे खरोखर पाचचे होते, हे नानांनीही मान्य केलं. आबांनी तर चमत्कार केला. त्यांच्या विभागात एकाला दोन आणि तिघांना चार मिळाले. दोन देताना त्यांना घाम फुटला, मी पाहिलं. "याला मी काय सांगू?" ते म्हणाले. मी म्हटलं, "जे लिहिलंत तेच सांगा."

मग नाना. त्यांनी खिशातून डायरी काढली. तिला तेलाचे डाग होते. या खोलीत वर्षानुवर्षं रोज टिपण ठेवणारा एकच माणूस होता, आणि तोच सगळ्यांना कमी गुण देत होता. अक्काचं पान त्यांनी वाचायला घेतलं. आषाढात रंगाचा लॉट वेगळा आला, तिने माग थांबवून सांगितलं, माल परत आला नाही. दिवाळीआधी एका मागाचा धागा सुटत होता, तपासणीआधीच पकडला. नवीन आलेल्या कायम माणसाला चार महिन्यांत काम शिकवलं, आता तो एकटा टेबल सांभाळतो. नाना वाचत गेले आणि त्यांचा आवाज हळू होत गेला. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या चारच्या वाक्याकडे पाहिलं, आपल्या फॉर्मवरचा तीन पाहिला, आणि चष्मा काढून पुसला.

"चार," ते म्हणाले. भाऊ पटकन म्हणाले, "पाच कर." नाना म्हणाले, "पाचचं वाक्य वाच आधी." मला त्या क्षणी या कडक म्हाताऱ्याबद्दल जे वाटलं त्याला प्रेमच म्हणावं लागेल.

अक्का कायम झाली. कागद मीच धुळ्याला घेऊन गेले. नानांच्या केबिनमध्ये तिने ते पत्र दोनदा वाचलं, पदराने हात पुसून मग परत घडी घातली. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, "मॅडम, गया वरीसले मी काय कमी करं व्हतं?"

नाना खिडकीबाहेर बघू लागले. मी काहीतरी जुळवायला लागले होते, पद्धत बदलली, निकष नवे, वगैरे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते सगळं तोंडातच राहिलं. नानांनी डायरी मागे उलटली. मागच्या वर्षीचं तिचं पान या वर्षीच्या पानाइतकंच भरलेलं होतं.

"काही कमी केलं नव्हतं," मी म्हटलं. "चूक माझी होती. नाना कडक आहेत हे मला ठाऊक होतं. त्यांना विचारायचं सोडून मी आकडेमोड केली."

"आनी मी बी चुकनू," नाना खिडकीकडे बघतच म्हणाले.

"मंग लिखी द्या," अक्का म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही.

मी लिहून दिलं. मागच्या वर्षीच्या तिच्या गुणात दुरुस्ती, कारण आणि खाली माझी सही, एक प्रत तिला, एक मोठ्या साहेबांना. साहेबांनी फोन करून विचारलं, हे लिहायची गरज होती का. मी म्हटलं, होती. कायम होण्याची तारीख मात्र मागे गेली नाही. मागच्या वर्षीची जागा एकच होती आणि तिच्यावर एक माणूस बसला होता, जो आता काम शिकला होता, तेही तिच्याकडून. एक वर्ष गेलं ते गेलं.

नव्या पद्धतीत आणखी एक कागद होता. गुण मिळालेल्या प्रत्येकाने या प्रक्रियेला आणि ती चालवणाऱ्या एचआरला एक ते पाचमध्ये गुण द्यायचे, प्रसंगासह. ही कल्पना माझीच. पाकीट बंद असेल, पण नाव लिहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. जळगावचे कागद आधी आले. भाऊंच्या माणसांनी मला बावीसच्या बावीस पाच दिले होते. प्रसंग या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, 'मॅडम फार चांगल्या.' मी हसत हसत ते गठ्ठ्यात ठेवले.

धुळ्याचं एक पाकीट शेवटी आलं, नाव लिहून. अक्काचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल. दोन. आणि खाली प्रसंग: 'चूक केली. विचारल्यावर मान्य केली व लिहून दिली. आपणहून शोधली नाही.'

मी भयंकर रागावले. आधी तिच्यावर, मग नानांवर, कारण ही शिकवण त्यांचीच असणार. माझ्या सहीने तिच्या फाईलमध्ये दुरुस्ती गेली होती, साहेबांचं ऐकून घेतलं होतं, आणि बदल्यात हे? निदान तीन? मी नियमांचं पान काढलं, तिच्या चुकीवर बोट ठेवायला. दोनसमोरचं वाक्य मीच लिहिलेलं होतं: दाखवून दिल्यावर चूक सुधारतो, स्वतःहून तपासत नाही.

मी ते वाक्य बऱ्याच वेळा वाचलं. मग, कुणी न विचारता, मागच्या दहा वर्षांच्या फाईली कपाटातून खाली काढल्या आणि अक्कासारखं आणखी कोण मागे राहिलं हे पाहण्यासाठी नानांच्या विभागातला पहिला तीन शोधायला घेतला.